लेबलच्या फोटोवरून दोन इन्स्टंट नूडल्सची तुलना: सोडियम, फॅट, घटक आणि सर्व्हिंग

दोन पाकिटांचे फोटो शेजारी ठेवले की डोळे आधी सोडियमच्या आकड्याकडे जातात. एकावर १६४० लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ८८०, आणि निकाल लागल्यासारखा वाटतो. बहुतेक वेळा हा निकाल चुकीचा असतो. पहिला आकडा १०० ग्रॅमचा असतो, दुसरा अर्ध्या पाकिटाचा. आणि खाणारा मात्र दोन्ही वेळा पाकीट पूर्ण संपवतो. म्हणून दोन्ही लेबलं एकाच मापावर आणल्याशिवाय एकही आकडा दुसऱ्याशेजारी ठेवायचा नाही. ही तयारी झाली की पुढचं काम दहा मिनिटांचं आहे.

पुढे एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवलं आहे. त्यातले ‘क’ आणि ‘ख’ हे ब्रँड काल्पनिक आहेत, पण आकडे आणि त्यांतले सापळे खऱ्या पाकिटांवर भेटतात तसेच आहेत.

पायरी १: फोटो पुरेसे आहेत का ते बघा

प्रत्येक पाकिटाचे तीन फोटो लागतात. पहिला समोरचा, ज्यात पूर्ण नाव, चव आणि निव्वळ वजन दिसतं. दुसरा पोषण तक्त्याचा, वरच्या शीर्षकापासून खालच्या बारीक तळटिपेपर्यंत. तिसरा घटकांच्या यादीचा, पहिल्या शब्दापासून ॲलर्जीच्या सूचनेपर्यंत. चव आठवणीने तपासा. एकाच ब्रँडच्या दोन चवींत नूडल्स तेच असले तरी मसाल्याची पुडी वेगळी असते आणि सोडियममध्ये मोठा फरक पडतो. ‘चिकन’चा समोरचा फोटो आणि ‘व्हेज’चा मागचा फोटो अशी जोडी नकळत जमून जाते.

चार-पाच पाकिटांच्या जोडपॅकचा फोटो असेल तर आणखी एक घोळ होतो. बाहेरच्या पिशवीवर सगळ्यांचं मिळून वजन असतं. चार पाकिटांचे २८० ग्रॅम म्हणजे एकाचे ७० ग्रॅम, हे आधी नोंदवा.

तक्त्याच्या फोटोत सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणजे रकान्याचं शीर्षक, आणि नेमकी तीच कापली जाते. ‘१०० ग्रॅममध्ये’, ‘प्रति सर्व्हिंग’ किंवा ‘तयार केल्यावर’ यांपैकी काय लिहिलंय ते दिसत नसेल, तर खालचे आकडे कितीही स्पष्ट असले तरी उपयोगाचे नाहीत. फोटो पुन्हा घ्यावा किंवा मागवावा. पाकीट स्वतःच्या हातात असेल तर तक्त्याचा भाग बोटांनी ताणून सपाट करा, फ्लॅश बंद ठेवा आणि पाकीट थोडं तिरकं धरा. चकचकीत वेष्टणावर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो आणि त्याखाली हमखास एखादा दशांशचिन्हाचा ठिपका गडप होतो.

पायरी २: आकडे उतरवा आणि लगेच तपासा

फोटोतून आकडे उतरवताना ३ आणि ८, १ आणि ७, ५ आणि ६ यांची अदलाबदल होते. सुरकुतीमुळे १८.५ चे १८५ होतात. सुदैवाने पोषण तक्ता स्वतःच स्वतःची साक्ष देतो, फक्त ती काढून घ्यावी लागते.

पहिली तपासणी ऊर्जेची. एक ग्रॅम फॅटमधून साधारण ९ किलोकॅलरी मिळतात, एक ग्रॅम प्रथिनं किंवा कर्बोदकांतून ४. म्हणून:

```
ऊर्जा ≈ (प्रथिनं × ४) + (कर्बोदकं × ४) + (फॅट × ९)
```

‘क’च्या तक्त्यात १०० ग्रॅमला ४५१ किलोकॅलरी, प्रथिनं ९ ग्रॅम, कर्बोदकं ६२ ग्रॅम आणि फॅट १८.५ ग्रॅम आहे. हिशोब ३६ + २४८ + १६६.५, म्हणजे सुमारे ४५१. जुळलं. समजा धूसर फोटोमुळे फॅट १३.५ वाचलं असतं, तर बेरीज ४०६ च्या आसपास आली असती आणि छापलेल्या आकड्याशी ४५ चा फरक पडला असता. ४५ भागिले ९ म्हणजे बरोबर ५ ग्रॅम फॅट. चूक आहे एवढंच नव्हे, ती कुठे आणि केवढी आहे तेही कळतं.

थोडाफार फरक चालतो. आकडे पूर्णांकात बसवलेले असतात, आणि तंतुमय घटक काही देशांत कर्बोदकांच्या आत मोजतात तर काही ठिकाणी बाहेर. शंभर ग्रॅमला दहा-बारा किलोकॅलरींच्या आत फरक असेल तर पुढे जा. ऊर्जा किलोज्यूलमध्येच दिली असेल तर ४.१८४ ने भागा.

सोडियममधून ऊर्जा मिळत नाही, त्यामुळे ही तपासणी त्याला लागू पडत नाही. त्याच्यासाठी दोन रकान्यांचं गुणोत्तर वापरा. ‘क’वर १०० ग्रॅम आणि ७० ग्रॅमचं पाकीट असे दोन रकाने आहेत, म्हणजे प्रत्येक ओळीत दुसरा आकडा पहिल्याच्या ०.७ पट हवा. सोडियम १६४० आणि ११४८ आहे, भागाकार ०.७. ठीक. कुणी १६४० चं १०४० वाचलं असतं तर पाकिटातलं सोडियम १०० ग्रॅममधल्यापेक्षा जास्त निघालं असतं, आणि ७० ग्रॅमच्या पाकिटात ते शक्य नाही.

एकच रकाना असेल तर टक्केवारीचा आधार घ्या. ‘ख’च्या फोटोत पाकिटाची घडी आल्यामुळे १०० ग्रॅमचा रकाना गेला आहे, फक्त ‘अर्धं पाकीट, ५५ ग्रॅम कोरडं’ हा रकाना दिसतो. त्यात मीठ २.२ ग्रॅम आणि शेजारी ३७ टक्के आहे. युरोपीय पद्धतीच्या लेबलवर ही टक्केवारी दिवसाला ६ ग्रॅम मिठावर काढतात. २.२ भागिले ६ म्हणजे सुमारे ३७ टक्के. आकडा बरोबर वाचला आहे.

जाता जाता आणखी एक नजर टाका. सॅच्युरेटेड फॅट कधीही एकूण फॅटपेक्षा जास्त असू शकत नाही, साखर कर्बोदकांपेक्षा जास्त असू शकत नाही. तसं दिसलं तर ओळ चुकली आहे.

पायरी ३: मीठ आणि सोडियम एका भाषेत आणा

काही लेबलांवर सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं, काहींवर मीठ ग्रॅममध्ये. हे दोन वेगळे आकडे आहेत, कारण मिठात वजनाने साधारण ३९ टक्केच सोडियम असतं. लेबलासाठीचा सोपा नियम असा:

```
मीठ (ग्रॅम) × ४०० = सोडियम (मिलिग्रॅम)
```

‘ख’चं २.२ ग्रॅम मीठ म्हणजे ८८० मिलिग्रॅम सोडियम. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, २.२ ग्रॅम मीठ म्हणजे २२०० मिलिग्रॅम सोडियम असं धरणं. त्यात ब्रँडवर अडीचपट अन्याय होतो. दुसरी, ग्रॅममध्ये दिलेलं सोडियम मीठ समजून पुन्हा ४०० ने गुणणं. ‘सोडियम १.६ ग्रॅम’ म्हणजे सरळ १६०० मिलिग्रॅम. एकक वाचल्याशिवाय गुणाकाराला हात लावू नका.

पायरी ४: कोरडं की शिजवलेलं?

हा सापळा सगळ्यात जास्त फसवतो. काही पाकिटांवर ‘सांगितल्याप्रमाणे तयार केल्यावर १०० ग्रॅममध्ये’ असा रकाना असतो. त्या १०० ग्रॅममध्ये बहुतांश पाणी असतं, त्यामुळे सगळेच आकडे लहान दिसतात. एका लेबलवर सोडियम २९० आणि दुसऱ्यावर १६४० दिसलं की पहिलं फारच सात्त्विक वाटतं. पण त्याच लेबलच्या तळटिपेत तयार भांडं ४०० ग्रॅमचं लिहिलं असेल, तर पूर्ण भांड्यात २९० गुणिले ४ म्हणजे ११६० मिलिग्रॅम सोडियम आहे. कोरडं पाकीट ८० ग्रॅमचं असेल तर कोरड्या १०० ग्रॅमला ते १४५० पडतं.

शीर्षक दिसत नसेल तर ऊर्जेवरून ओळखा. तळलेल्या कोरड्या नूडल्समध्ये १०० ग्रॅमला साधारण ४५० किलोकॅलरी असतात, न तळलेल्यांत ३५० च्या आसपास. आकडा शंभराच्या घरात असेल तर तो पाण्यासकटचा आहे. तयार वजन कुठेच दिलेलं नसेल तर पाण्याच्या मापावरून अंदाज बांधू नका. उकळताना किती वाफ जाते ते प्रत्येकाचं वेगळं. अशा वेळी पूर्ण पाकिटाचा किंवा एका भांड्याचा रकाना शोधा. तोही नसेल तर त्या लेबलची तुलना होत नाही असं स्पष्ट लिहा.

पायरी ५: दोन मापं काढा, एक नाही

आता खरी तुलना. प्रत्येक पाकिटाचे आकडे दोन प्रकारे मांडायचे: कोरड्या १०० ग्रॅमला किती, आणि पूर्ण पाकिटाला किती. पहिल्या मापावरून माल कसा बनवला आहे ते कळतं, दुसऱ्यावरून पोटात किती जाणार ते.

‘क’चं पाकीट ७० ग्रॅमचं, एक सर्व्हिंग. ‘ख’चं पाकीट ११० ग्रॅमचं, त्यावर दोन सर्व्हिंग लिहिल्या आहेत. ‘ख’च्या एका सर्व्हिंगमध्ये २०६ किलोकॅलरी, ३ ग्रॅम फॅट, १.२ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट आणि ८८० मिलिग्रॅम सोडियम आहे. १०० ग्रॅमसाठी ५५ ने भागून १०० ने गुणायचं; पूर्ण पाकिटासाठी दुप्पट करायचं.

| | क, १०० ग्रॅम | ख, १०० ग्रॅम | क, पाकीट (७० ग्रॅम) | ख, पाकीट (११० ग्रॅम) |
|---|---|---|---|---|
| ऊर्जा, किलोकॅलरी | ४५१ | ३७५ | ३१६ | ४१२ |
| फॅट, ग्रॅम | १८.५ | ५.५ | १३ | ६ |
| सॅच्युरेटेड फॅट, ग्रॅम | ९ | २.२ | ६.३ | २.४ |
| सोडियम, मिलिग्रॅम | १६४० | १६०० | ११४८ | १७६० |

सोडियमची ओळ नीट बघा. नुसत्या सर्व्हिंगवर गेलो तर ११४८ विरुद्ध ८८०, म्हणजे ‘ख’ बरा. १०० ग्रॅमवर गेलो तर १६४० विरुद्ध १६००, म्हणजे बरोबरी. पाकिटावर गेलो तर ११४८ विरुद्ध १७६०, म्हणजे ‘क’ बराच हलका. लेबलं तीच, निकाल तीन. यातला कुठलाही आकडा खोटा नाही. फक्त प्रश्न वेगळा आहे.

१६४० आणि १६०० ला बरोबरी का म्हणायचं? कारण लेबलवरचा आकडा प्रत्येक पाकिटाचं मोजमाप नसतो. अमेरिकी नियमांत सोडियम किंवा फॅट तपासणीत लेबलपेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त निघालं तरी लेबल चालतं. युरोपच्या मार्गदर्शक सूचनांतही या वस्तूंना लागू पडणारी सूट साधारण तेवढीच आहे. शिवाय पुडीत मसाला भरताना थोडं कमीजास्त होतंच. आमच्या मते १० टक्क्यांच्या आतला फरक फरकच धरू नये. ४० मिलिग्रॅमवरून ब्रँड बदलण्यात अर्थ नाही.

सर्व्हिंगचा आकार कोण ठरवतं हाही प्रश्न येतो. काही देशांत नियमात संदर्भ-मापं दिलेली असतात, काही ठिकाणी उत्पादक स्वतः ठरवतो. पण नूडल्सचा केक मधोमध मोडून, पुडीतला निम्मा मसाला परत बांधून ठेवणारे लोक किती? ‘दोन सर्व्हिंग’ लिहिलेलं एकट्याचं पाकीट दिसलं की पूर्ण पाकिटाचाच आकडा धरा. घरी खरोखर दोघं वाटून खात असतील तर अर्धा धरा, पण मग दुसऱ्या ब्रँडचंही तुम्ही खरंच जेवढं खाता तेवढंच घ्या.

तुलनेला एक टेकू हवा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा वापरता येते: प्रौढांसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. त्या हिशोबाने ‘क’चं पाकीट दिवसाच्या ५७ टक्के होतं आणि ‘ख’चं ८८ टक्के. पाकिटांवर छापलेल्या टक्केवाऱ्या मात्र एकमेकींशेजारी ठेवू नका. अमेरिकी लेबल २३०० मिलिग्रॅमवर टक्के काढतं, युरोपीय लेबल ६ ग्रॅम मिठावर म्हणजे २४०० मिलिग्रॅमवर, तर काही देश २००० वर. पाया वेगळा असल्यावर एका पाकिटाचे ४० टक्के दुसऱ्याच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त सोडियमचे असू शकतात.

पाकिटांच्या आकारात असा मोठा फरक असला की तिसरं मापही उपयोगी पडतं: १०० किलोकॅलरीमागे सोडियम. ‘ख’चं पाकीट मोठं आहे, त्याने पोटही जास्त भरतं, मग सोडियम जास्त असणारच, असा बचाव कुणी करेल. तो तपासू. ‘क’मध्ये १६४० भागिले ४.५१ म्हणजे ३६४ मिलिग्रॅम. ‘ख’मध्ये ८८० भागिले २.०६ म्हणजे ४२७. बचाव टिकत नाही. दिवसाला २००० किलोकॅलरी खाणाऱ्याने २००० मिलिग्रॅमच्या आत राहायचं तर १०० किलोकॅलरीमागे १०० मिलिग्रॅम हे सरासरी माप पडतं. दोन्ही पाकिटं त्याच्या साडेतीन पटींच्या वर आहेत. दोघांतला चांगला निवडणं आणि चांगलं खाणं यांत फरक आहे, तो या आकड्यात दिसतो.

पायरी ६: फॅट कुठून आलं ते शोधा

फॅटमधला फरक सोडियमसारखा गोंधळाचा नाही. १८.५ आणि ५.५ मध्ये तिपटीहून जास्त अंतर आहे, आणि त्याचं कारण बहुधा एकच असतं: केक तेलात तळून वाळवला की गरम हवेने. जपानमध्ये १९५८ साली मोमोफुकू अँडो यांनी बाजारात आणलेले इन्स्टंट नूडल्स तळून वाळवलेलेच होते. तळताना पाणी झटकन वाफ होऊन निघून जातं, त्याच्या जागी सूक्ष्म छिद्रं राहतात आणि त्यांत तेल शिरतं. त्या छिद्रांमुळेच ते दोन-तीन मिनिटांत शिजतात. हवेने वाळवलेले थोडा जास्त वेळ घेतात. म्हणजे शिजवण्याच्या सूचनेतला वेळसुद्धा एक खूण आहे, पक्की नव्हे.

१०० ग्रॅमला १५ ते २० ग्रॅम फॅट असेल आणि घटकांत पिठानंतर लगेच तेल असेल, तर नूडल्स तळलेले आहेत. पाम तेल वापरलं असेल तर त्यातलं जवळपास निम्मं फॅट सॅच्युरेटेड असतं. ‘क’मध्ये १८.५ पैकी ९, म्हणजे हिशोब जुळतो. हेही एक तपासणीचं साधन आहे: पाम तेल दुसऱ्या क्रमांकावर आणि सॅच्युरेटेड फॅट फक्त १.९ दिसत असेल, तर फोटोतला आकडा पुन्हा वाचा.

‘तळलेले नाहीत’ असं समोर लिहिलेल्या पाकिटातही तेलाची वेगळी पुडी असू शकते. ‘ख’मध्ये तेच आहे, त्याचं बरंचसं फॅट तिथून येतं आणि ती पुडी न टाकता बाजूला ठेवता येते. तळलेल्या केकमधलं तेल मात्र वेगळं काढता येत नाही.

ट्रान्स फॅटच्या शून्याबद्दल एक सावधगिरी. अमेरिकी लेबलवर एका सर्व्हिंगमध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य लिहितात. घटकांत ‘अंशतः हायड्रोजनेटेड’ तेल दिसलं तर शून्यावर विसंबू नका. नुसतं ‘पाम तेल’ म्हणजे ट्रान्स फॅट नव्हे; त्याचा मुद्दा सॅच्युरेटेड फॅटचा आहे.

पायरी ७: घटकांची यादी वाचा, पण क्रमावर फार भरवसा नको

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, हे बहुतेकांना माहीत असतं. याद्या दोन प्रकारच्या असतात हे मात्र सुटतं. काही उत्पादक केक आणि मसाल्याची पुडी यांच्या याद्या वेगळ्या देतात, काही सगळं एकत्र करून एकच यादी देतात. ‘क’ची यादी एकत्र आहे: मैदा, पाम तेल, मीठ, स्टार्च, साखर, मसाले, आणि पुढे बाकीचं. ‘ख’ची वेगवेगळी आहे, तेलाच्या पुडीची यादी सोडून ती अशी: नूडल्समध्ये गव्हाचं पीठ, टॅपिओका स्टार्च, मीठ, ५०१, ५००, मसाल्यात मीठ, ६२१, सोया सॉस पावडर, माल्टोडेक्स्ट्रिन, ६३५.

आता ‘ख’च्या मसाल्यात मीठ पहिलं आहे आणि ‘क’मध्ये तिसरं, म्हणून ‘ख’ जास्त खारट, हा निष्कर्ष निघत नाही. ‘ख’चं पहिलं स्थान काही ग्रॅमच्या पुडीतलं आहे, ‘क’चं तिसरं स्थान अख्ख्या पाकिटातलं. मिठाचं प्रमाण आकड्यातून घ्यायचं, यादीतून नव्हे. यादी सांगते ते वेगळंच: मीठ कुठे-कुठे आहे, तेल कुठलं आहे, पीठ कुठलं आहे.

‘ख’च्या यादीत मीठ दोनदा आलंय, हे खरं कामाचं आहे. नूडल्सच्या पिठातच मीठ मळलेलं असतं, पिठाच्या साधारण १ ते ३ टक्के. त्यामुळे ‘अर्धीच पुडी टाकली की सोडियम अर्धं’ हा समज चुकतो. ‘क’वर हिशोब करून पाहू. पुडी ७ ग्रॅमची असेल तर केक ६३ ग्रॅमचा. केकचं सगळं वजन पीठ धरून ढोबळ अंदाज काढला, तर त्यातलं मीठ ०.६ ते १.९ ग्रॅम, म्हणजे सोडियम अंदाजे २५० ते ७५० मिलिग्रॅम. उरलेलं ४०० ते ९०० पुडीतलं. अर्धी पुडी टाकली तर २०० ते ४५० मिलिग्रॅम कमी होतील, ५७४ नव्हे. एवढी मोठी रेंज असल्यामुळे ‘अर्ध्या पुडीचा’ आकडा तुलनेच्या तक्त्यात घालू नका. केक आणि मसाल्याचं सोडियम वेगवेगळं छापणारी पाकिटं असतात, तिथेच तो हिशोब नेमका होतो.

क्रमांकांच्या भाषेला बिचकायचं कारण नाही. नूडल्समध्ये पुन्हा पुन्हा भेटणारे थोडेच आहेत. ५०० आणि ५०१ हे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. त्यांनी पीठ अल्कलीयुक्त होतं, नूडल्सना पिवळसर रंग आणि चिवटपणा येतो. ४१२ म्हणजे ग्वार गम, ४५१ आणि ४५२ हे फॉस्फेट, पोत सांभाळण्यासाठी. ३१९ तेल खवट होऊ नये म्हणून. ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, ६२७, ६३१ आणि ६३५ त्याची चव आणखी उठावदार करणारे. यांतल्या ज्यांच्यात सोडियम आहे ते तक्त्यातल्या सोडियमच्या आकड्यात आधीच धरलेलं असतं. वरून मिळवायचं नाही. तक्त्यात मीठ दिलं असेल तरी तेच, कारण लेबलवरचं ‘मीठ’ बहुतेक ठिकाणी एकूण सोडियमवरून काढलेलं असतं.

‘एमएसजी घातलेलं नाही’ हे वाक्य वाचून सोडियम कमी असेल असं वाटतं. ६२१ मध्ये सोडियम फक्त १२ टक्क्यांच्या आसपास असतं, मिठात ३९. एमएसजी काढून चव भरून काढायला मीठ वाढवलं तर सोडियम उलट वाढेल. शिवाय यादीत यीस्ट एक्स्ट्रॅक्ट किंवा हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन असेल तर ग्लुटामेट त्यातूनही येतंच. दावा समोर राहू दे, आकडा मागे बघा.

तसाच दुसरा दावा ‘सोडियम २५ टक्के कमी’. कशापेक्षा कमी? बहुधा त्याच ब्रँडच्या नेहमीच्या पाकिटापेक्षा. दुसऱ्या ब्रँडशी त्याचा संबंध नाही. यादीत ५०८ म्हणजे पोटॅशियम क्लोराइड असेल तर मिठाचा काही भाग त्याने बदलला आहे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी असं पाकीट निवडण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

पिठाबद्दल: समोर गहू किंवा मिलेटचं चित्र असेल तर यादीत त्याच्या नावापुढे टक्के शोधा. पहिला घटक मैदा आणि मिलेटचं पीठ ३ टक्के असेल तर ते मैद्याचेच नूडल्स. टक्के नसतील तर तंतुमय घटकांची ओळ काही अंशी सांगते.

पायरी ८: निकाल कसा लिहायचा

‘ख चांगला’ किंवा ‘क चांगला’ असं लिहू नका. आपल्या उदाहरणाचा निकाल असा होतो: ‘पूर्ण पाकीट खाणाऱ्याला क मध्ये सोडियम सुमारे ६०० मिलिग्रॅमने कमी (११४८ विरुद्ध १७६०), वजनाला वजन धरलं तर दोन्ही सारखेच खारट. फॅट ख मध्ये निम्म्याहून कमी, कारण नूडल्स तळलेले नाहीत. ख चं अर्धंच पाकीट खाल्लं तर सोडियम ८८०, म्हणजे क पेक्षा कमी.’ रक्तदाब सांभाळणाऱ्याला आणि सॅच्युरेटेड फॅट कमी करणाऱ्याला यातून वेगवेगळी उत्तरं मिळतात.

निकालाशेजारी चव, पाकिटाचं वजन आणि फोटो कधीचा ते लिहा. उत्पादक पाककृती बदलतात, पाकिटाचं वजन गुपचूप पाच-दहा ग्रॅमने घटवतात, आणि विक्रीच्या पानांवरचे फोटो वर्षानुवर्षं तेच राहतात. वजन घटलं की पाकिटातलं सोडियम कमी झालेलं दिसतं. १०० ग्रॅमचा आकडा तसाच असेल तर नूडल्समध्ये काहीच सुधारलेलं नसतं. ॲलर्जी असणाऱ्याने तर फोटोवर मुळीच थांबू नये. गहू, सोया, दूध, अंडं, कोळंबी यांची सूचना हातातल्या पाकिटावरच वाचावी, आणि जोडपॅकमध्ये आतल्या प्रत्येक पाकिटावर.